मोबाइलवर तीन तास, पुस्तकावर वीस मिनिटे

गेल्या वर्षी पहिल्या घटक चाचणीनंतर पालकांची भेट होती. दहावीतल्या एका मुलाची अम्मी माझ्यासमोर बसली होती. बीजगणितात 20 पैकी 4 गुण. उत्तरपत्रिका तिने उघडूनही पाहिली नाही. म्हणाली, “मॅडम, मोबाइल हातात असला की तीन-तीन तास मान वर होत नाही. पुस्तक उघडलं की वीस मिनिटांत पाणी, बाथरूम, झोप. डोकं नाही असं नाही, मनच नाही त्याचं. आता याचे अब्बा म्हणतात, दहावी झाली की गॅरेजवर घेऊन जातो. निदान हाताला काम तरी लागेल.”

गॅरेजचे काम कमी प्रतीचे नाही, हे मी त्या माउलीला सांगितले. पण ज्या कारणासाठी मुलाचे शिक्षण थांबणार होते, ते कारण मला पटले नाही. जो मुलगा तीन तास एका गोष्टीत गढून जाऊ शकतो, त्याच्याकडे लक्ष देण्याची ताकद आहे. प्रश्न एवढाच की खेळात ती ताकद जागी होते आणि बीजगणितात होत नाही, असे का?

या प्रश्नावर एका माणसाने जवळजवळ सगळे आयुष्य घालवले. त्याने शोधलेल्या गोष्टी आपल्या घरांत रोज कामी येण्यासारख्या आहेत, म्हणून हा लेख.

चित्रकारांपासून सुरू झालेला शोध

मिहाय चिकसेंटमिहाय हे मूळचे हंगेरियन. त्यांचा जन्म 1934चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे बालपण होरपळले. पुढे ते अमेरिकेत गेले, शिकागो विद्यापीठात मानसशास्त्र शिकले आणि तिथेच शिकवू लागले. 1960च्या दशकात ते तरुण चित्रकारांचा अभ्यास करीत होते. तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. चित्र चालू असताना हे लोक तहान-भूक विसरून उभे असत, आणि चित्र पूर्ण झाले की ते भिंतीला टेकवून दुसरे सुरू करत. पूर्ण झालेल्या चित्राकडे फारसे पाहतही नसत. म्हणजे त्यांना धरून ठेवणारी गोष्ट चित्र ही नव्हती, चित्र काढणे ही होती.

मग त्यांनी कडे चढणारे गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, संगीतकार, नर्तक आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांच्याशी बोलून माहिती गोळा केली. कामे वेगवेगळी होती, पण वर्णन एकसारखे होते. लक्ष पूर्णपणे कामात, स्वतःचे भान नाही, वेळ कसा गेला ते कळत नाही, आणि पुढचे पाऊल आपोआप सुचत जाते. आपण प्रवाहाबरोबर वाहत होतो, असे अनेकांनी सांगितले. त्यावरून या अवस्थेचे नाव पडले ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह. उर्दूत यासाठी ‘इनहमाक’ हा सुंदर शब्द आहे, मराठीत आपण ‘तल्लीन होणे’ म्हणतो.

चिकसेंटमिहाय वर्णनावर थांबले नाहीत. त्यांनी लोकांना छोटी बीप वाजवणारी यंत्रे दिली. दिवसातून सुमारे आठ वेळा, कधीही, ती वाजत. वाजली की त्या क्षणी आपण काय करतो आहोत, ते किती अवघड आहे, आपल्याला ते किती जमते आणि कसे वाटते, हे वहीत लिहायचे. आठवडाभर असे चाले. त्यातून हळूहळू स्पष्ट झाले की ही अवस्था नशिबाने किंवा स्वभावाने येत नाही. तिला काही अटी लागतात. त्या पूर्ण झाल्या तर ती येण्याची शक्यता वाढते, नसल्या तर कितीही रागावले तरी ती येत नाही.

तीन अटी

पहिली अट, आत्ता नेमके काय करायचे हे स्वच्छ माहीत असणे. दुसरी अट, केलेले बरोबर झाले की चूक, हे लगेच कळणे. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची. कामाची अवघडता आणि आपले कौशल्य यांचा मेळ बसणे. काम कौशल्यापेक्षा फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. दोघांच्या मधला पट्टा अरुंद असतो आणि तल्लीनता तिथेच येते. काम आपल्या नेहमीच्या आवाक्याच्या किंचित वर असावे लागते. अवघडता आणि कौशल्य दोन्ही अगदी कमी असले, तर मेळ असूनही तल्लीनता येत नाही, नुसती मरगळ येते. टीव्हीचे चॅनेल बदलत बसतो तेव्हा येते तीच.

आता त्या मुलाच्या मोबाइलमधला खेळ पाहू. मी त्याला तो माझ्यासमोर खेळायला लावला. काय करायचे हे प्रत्येक क्षणी पडद्यावर दिसत होते. नेम बरोबर लागला की नाही, ते सेकंदाच्या आत कळत होते. जिंकले की पुढचा टप्पा थोडा अवघड होत होता. सतत हरला तर तो त्याच टप्प्यावर पुन्हा प्रयत्न करू शकत होता, आणि हरल्याबद्दल कोणी बोलत नव्हते. तिन्ही अटी बनवणाऱ्यांनी मुद्दाम पूर्ण केल्या होत्या.

आणि बीजगणित? घरून सूचना असे, “अभ्यासाला बस.” कुठला, किती, कधी संपला म्हणायचा, काही नाही. सोडवलेले गणित बरोबर आहे का, हे वही तपासून येईपर्यंत, म्हणजे चार-सहा दिवसांनी कळे. आणि अवघडता त्याच्या कौशल्याच्या किती वर होती, हे तर त्याला, त्याच्या अम्मीला आणि खरे सांगायचे तर मलाही माहीत नव्हते.

मुलगा नेमका कुठे अडला होता

वर्गात वर्गसमीकरणे चालू होती. अवयव पाडून सोडवायची पद्धत. मी त्याला मधल्या सुट्टीनंतर एका मोकळ्या तासाला बसवले आणि x² + 7x + 12 = 0 हे साधे समीकरण दिले. गुणाकार 12 आणि बेरीज 7 येईल अशा दोन संख्या शोधायच्या, त्या 3 आणि 4, म्हणून (x + 3)(x + 4) = 0. त्याने पेन्सिल उचलली, समास आखला, प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवला आणि पेन्सिलीला टोक करायला लागला.

ही टोक करण्याची खूण पालकांनी ओळखायला शिकावी. कंटाळलेले मूल चित्रे काढते, खिडकीबाहेर पाहते, उत्तर आधीच येते म्हणून घाईने उरकते. धास्तावलेले मूल मात्र कामाच्या भोवती फिरत राहते. समास आखणे, खोडणे, पाणी प्यायला जाणे, मथळा रंगवणे. बाहेरून दोघेही आळशी दिसतात, पण दोघांचे औषध उलट आहे. पहिल्याला अवघड काम हवे, दुसऱ्याला सोपे. अम्मीने सांगितलेले ‘पाणी, बाथरूम, झोप’ हे धास्तीचे लक्षण होते.

मग मी एक पायरी खाली आले. “12 या संख्येच्या सगळ्या जोड्या सांग, ज्यांचा गुणाकार 12 येतो.” त्याने 3 आणि 4 सांगितले, थोड्या वेळाने 2 आणि 6. 1 आणि 12 सुचलेच नाही. 24 विचारल्यावर तो बोटांवर मोजू लागला. दहावीच्या प्रकरणात त्याचा पाय पाचवी-सहावीच्या पाढ्यांत अडकला होता. अशा मुलाला वर्गसमीकरणे देणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला खाडीच्या मध्यावर सोडून ‘लक्ष देऊन पोह’ म्हणण्यासारखे आहे.

आम्ही पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी फक्त जोड्यांची: 12, 18, 24, 36 आणि अशाच संख्या. दुसरी, सगळी चिन्हे अधिक असलेले अवयव, जसे x² + 7x + 12. तिसरी, मधले चिन्ह वजा, x² − 7x + 12, जिथे दोन्ही संख्या ऋण येतात. चौथी, शेवटचे चिन्ह वजा, x² + x − 12, जिथे एक धन आणि एक ऋण येते. इथे सर्वांत जास्त मुले घसरतात. पाचवी, 2x² + 7x + 3 सारखी, ज्यात x² ला सहगुणक असतो. इथे 2 आणि 3 यांचा गुणाकार 6 घ्यायचा आणि त्याच्या जोडीतून 7 ही बेरीज मिळवायची, म्हणजे 6 आणि 1.

एका बैठकीत दहा गणिते. नऊ-दहा बरोबर आली तर पुढच्या वेळी वरची पायरी. निम्म्यापेक्षा कमी आली तर एक पायरी खाली. मधले काही आले तर तीच पायरी पुन्हा. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, वर्गात वापरून मला सोयीचा वाटलेला आहे. पण त्यामुळे दोन अटी पूर्ण झाल्या. काम किती आहे ते स्वच्छ झाले आणि अवघडता त्याच्या हातात आली.

राहिली लगेच उत्तर कळण्याची अट. ती मी त्याच्याकडेच दिली. (x + 3)(x + 4) चा गुणाकार करून पाहा, मूळ राशी परत आली तर बरोबर. समीकरण सोडवले तर आलेली किंमत परत घालून पाहा. 2x² + 7x + 3 = 0 मध्ये x = −3 घातले तर 18 − 21 + 3, म्हणजे शून्य. बरोबर. वही तपासायला बाई लागत नाहीत, उत्तरपत्रिका लागत नाही. प्रत्येक गणितानंतर अर्ध्या मिनिटात निकाल.

पहिले दोन आठवडे काही विशेष घडले नाही. जोड्यांची पायरी त्याला अपमानास्पद वाटत होती, आणि ते स्वाभाविक होते. तिसऱ्या आठवड्यात चौथ्या पायरीवर असताना एक दिवस घंटा झाली तरी तो उठला नाही. सातवे गणित त्याने तीन वेळा खोडले होते. मी जवळ गेले तर मान वर न करता म्हणाला, “मॅडम, सांगू नका.” शिक्षकाला याहून गोड वाक्य ऐकायला मिळत नाही.

घरात काय मोडते

शाळेत जमलेले घरी मोडत होते. अम्मीकडून चौकशी केली तेव्हा कळले की तो बसला की दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाक मारे. दूध आण, दार उघड, भाईजानला फोन दे. प्रत्येक काम दोन मिनिटांचे. पण तल्लीनता दोन मिनिटांत परत येत नाही. तिच्यात शिरायला आधी थोडा वेळ जावा लागतो, आणि हाक आली की तो चढ पुन्हा पहिल्यापासून चढावा लागतो. आम्ही ठरवले की मगरिबनंतर चाळीस मिनिटे त्याला कोणी हाक मारायची नाही आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत राहील. दूध आणायचे असेल तर आधी किंवा नंतर.

दुसरी गोष्ट अब्बांची. ते प्रेमाने विचारत, “किती मार्क पडतील?” तल्लीन असताना माणसाला स्वतःचे भान नसते. हा प्रश्न नेमके तेच भान परत आणतो. मुलाचे लक्ष गणितावरून उडून ‘माझे कसे होणार’ यावर जाते. त्याऐवजी “आज कुठल्या पायरीवर आहेस?” असे विचारा, एवढीच विनंती मी केली. ते हसले आणि म्हणाले, “गॅरेजमध्ये पोरगं शिकायला आलं की मीपण पहिल्या दिवशी इंजिन उघडायला देत नाही.” त्यांना हा मुद्दा माझ्याआधी माहीत होता.

हिफ्ज, संगीत, मैदान

ही रचना आपल्याला नवी नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलांचा दिवस पाहा. नवा सबक काही ओळींचा, मुलाच्या ताकदीप्रमाणे कमी-जास्त. मग अलीकडे पाठ केलेल्या भागाची सबकी, आणि जुन्या भागाची मंजिल. उस्ताद समोर बसून ऐकतात आणि चूक झाली की तिथल्या तिथे थांबवतात. ध्येय स्वच्छ, निकाल लगेच, ओझे पेलेल एवढे. उस्ताद शहाणे असतील तर मूल अडखळायला लागले की सबक कमी करतात. जिथे सबक सगळ्यांना सारखा आणि चुकीला छडी, तिथे मुले का पळतात, तेही यातून समजते.

संगीतातला एक बारीक अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. गॅरी मॅकफर्सन आणि जेम्स रेनविक यांनी मुलांचा घरचा सराव चित्रित करून पाहिला. त्यात क्लॅरिनेट शिकणारी एक मुलगी होती. शिक्षकांनी नेमून दिलेली धून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून मोकळी होई. चुका झाल्या तरी थांबत नसे. मग तिने ‘गोल्डन वेडिंग’ नावाची एक धून स्वतः निवडली. तिचा सराव एकदम बदलला. ती थांबू लागली, अवघड तुकडा गुणगुणू लागली, आवाज न काढता नुसती बोटे फिरवून पाहू लागली. नेमून दिलेल्या धुनांत एका स्वरामागे सरासरी एका सेकंदाच्या आसपास वेळ जात होता. स्वतः निवडलेल्या धुनीत तो दहा सेकंदांच्या जवळ गेला. मुलगी तीच, वाद्य तेच. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की धून सोपी नव्हती, नेहमीपेक्षा अवघड होती. निवड स्वतःची असली की अवघडता थोडी जास्त सहन होते. म्हणून मीही त्या मुलाला दहा गणिते देताना पंधरा लिहून देई आणि त्यातली दहा त्याला निवडायला सांगे.

मैदानावर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. झेल पकडण्याचा सराव घेणारा चांगला प्रशिक्षक अंतर बदलत राहतो. दहाही झेल सहज आले की जवळून जोरात, सुटायला लागले की दोन पावले मागे. तो हे बोलून दाखवत नाही, पण अवघडता आणि कौशल्य यांचा मेळच तो घालत असतो.

दोन सावधानता

मात्र सगळा अभ्यास तल्लीनतेत होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. कौशल्य कसे वाढते याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध केला. ज्या सरावाने खरी सुधारणा होते, म्हणजे आपल्या नेमक्या उणिवेवर घासत राहणे, तो सराव मजेचा नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मुलाची जोड्यांची पायरी तशीच होती. त्यात इनहमाक नव्हता, नुसता घाम होता. पण ती केल्याशिवाय चौथ्या पायरीवर ‘सांगू नका’ म्हणण्याचा दिवस आला नसता. तल्लीनता हे त्या घामाचे पुढचे फळ आहे, त्याला पर्याय नाही.

दुसरी सावधानता अधिक गंभीर आहे. ही अवस्था आंधळी असते. कशात बुडावे हे ती सांगत नाही. चिकसेंटमिहाय यांनी स्वतःच बजावले होते की ती आपोआप चांगली नसते, जशी आग आपोआप चांगली नसते. नताशा डाउ शुल या संशोधिकेने अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये जुगाराच्या यंत्रांसमोर बसणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. तिथे लोक पैसे जिंकण्यासाठीही बसत नाहीत, त्या गुंगीत राहण्यासाठी बसतात, असे तिला आढळले. वेळेचे भान नाही, स्वतःचे भान नाही, निकाल लगेच. वर्णन चित्रकारांसारखेच. फरक असा की तिथे कौशल्य वाढत नाही. पाच वर्षे यंत्रासमोर बसलेला माणूस पहिल्या दिवशी होता तिथेच असतो. त्यामुळे मोबाइलवरच्या खेळाविषयी विचारण्याचा प्रश्न ‘किती वेळ’ एवढाच नाही. महिन्यापूर्वी जे येत नव्हते ते आज येते का, आणि थांब म्हटल्यावर थांबता येते का, हे दोन प्रश्न विचारावेत.

त्या मुलाला सराव परीक्षेत बीजगणितात 40 पैकी 19 गुण मिळाले. हा काही वर्तमानपत्रात छापण्यासारखा निकाल नाही. मोबाइलही सुटलेला नाही, रात्री जेवणानंतर तो अजून खेळतो. पण दहावीनंतर गॅरेज की पुढे शिक्षण, हा विषय घरात पुन्हा खुला झाला. त्याने स्वतः आयटीआयचे नाव काढले, मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमासाठी. अब्बांना ते मनापासून आवडले. अम्मी परवा बाजारात भेटली तेव्हा तिची तक्रार वेगळी होती. “मॅडम, हाक मारली तरी ऐकत नाही आता. वही घेऊन बसला की बहिराच होतो.”

मी म्हटले, “आपा, दूध तुम्हीच आणा थोडे दिवस.”